पाकीट ५०० ग्रॅमचं होतं, आता ४५० चं आलंय: ऑनलाइन विकताना लिस्टिंग बदलायची की नवी करायची?

ऑनलाइन किराणा मागवणारे बहुतेक जण दुसऱ्या वेळेपासून वस्तूचं पान वाचत नाहीत. जुन्या ऑर्डर्समध्ये जायचं, 'पुन्हा खरेदी करा' दाबायचं आणि पैसे भरायचे, एवढंच. वस्तू एकदा पसंत पडलेली असते. वजन माहीत असतं, चव माहीत असते, वाचायला उरतंच काय?

अडचण येते ती कंपनीने मध्येच काहीतरी बदललं की. डब्याऐवजी पाऊच येतो. २०० मिलीची बाटली १८० ची होते. मिक्सरचं जुनं मॉडेल बंद होऊन नवं येतं आणि जुनं भांडं त्यावर बसत नाही. दुकानात पाकीट हातात घेतल्यावर फरक जाणवतो. ऑनलाइन मात्र तो घरी पोहोचल्यावरच कळतो. तोपर्यंत पैसे गेलेले असतात आणि 'फसवलं' असं वाटायला सुरुवात झालेली असते.

गंमत म्हणजे यात विक्रेत्याने अनेकदा फसवण्यासाठी काहीच केलेलं नसतं. त्याने फक्त जुन्या लिस्टिंगमध्ये ५०० खोडून ४५० लिहिलेलं असतं. चूक नेमकी तिथेच असते. ती का, आणि त्याऐवजी काय करायचं, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

लिस्टिंग म्हणजे नेमकं काय?

ग्राहकाला लिस्टिंग म्हणजे फोटो, नाव आणि किंमत दिसते. पण मागच्या बाजूला तिला एक ओळख क्रमांक असतो. ॲमेझॉनवर त्याला एएसआयएन म्हणतात, फ्लिपकार्टवर एफएसएन. विक्रेता आपल्या हिशेबासाठी जो कोड देतो तो एसकेयू. आणि पाकिटावरच्या बारकोडखाली जो आकडा छापलेला असतो तो जीटीआयएन, म्हणजे त्या मालाचा जगभर चालणारा क्रमांक.

ग्राहकाचा सगळा इतिहास या ओळख क्रमांकाला चिकटलेला असतो. जुन्या ऑर्डर्स, दर महिन्याची ठरलेली डिलिव्हरी, मैत्रिणीला पाठवलेली लिंक, विशलिस्ट आणि हजारभर लोकांनी दिलेले रिव्ह्यू, हे सगळं त्या क्रमांकाकडे बोट दाखवतं.

म्हणून लिस्टिंगमध्ये वजन बदललं की त्या पानाचा इतिहासही गुपचूप बदलतो. मागच्या वर्षी ज्याने ५०० ग्रॅम घेतलं, त्याची जुनी ऑर्डर उघडली तर आज ४५० ग्रॅमचं पान दिसतं. 'वजन भरपूर, पैसे वसूल' असा दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू आता लहान पाकिटाखाली दिसतो. रिव्ह्यू खराच आहे, पण तो दुसऱ्याच पाकिटाबद्दल आहे.

मग विक्रेते जुन्याच पानात बदल का करतात?

कारण नवं पान शून्यापासून सुरू होतं. त्याला रिव्ह्यू नसतात, सर्चमध्ये ते खाली असतं. चारशे रिव्ह्यू आणि साडेचार स्टार असलेलं पान सोडून द्यायला कुणालाही जिवावर येतं. शिवाय जुनं पान एडिट करायला दोन मिनिटं लागतात. नवं पान करायला फोटो, माहिती, बारकोड, मंजुरी सगळंच पुन्हा करावं लागतं.

हा मोह समजण्यासारखा आहे. पण कोणत्या बदलाला जुनं पान चालतं आणि कोणत्याला नवं लागतं, याचे बऱ्यापैकी स्पष्ट नियम आहेत.

कोणत्या बदलाला नवी ओळख लागते?

बारकोडचे क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे जीएस१. तिच्या नियमावलीत कोणत्या बदलानंतर नवा जीटीआयएन घ्यायचा हे दिलेलं आहे. रोजच्या विक्रीत त्यातल्या तीन गोष्टी सतत समोर येतात.

पहिली, पाकिटावर लिहिलेलं निव्वळ वजन किंवा माप. हे थोडं जरी बदललं तरी नवा क्रमांक घ्यायचा. इथे 'फक्त ५० ग्रॅमचा तर फरक आहे' ही सवलत नाही.

दुसरी, लेबलवर जाहीर केलेले घटक किंवा वस्तूचं काम. साबणात नवा घटक आला, चार्जर जास्त वॅटचा झाला, तर ती नवी वस्तू धरायची.

तिसरी, पाकिटाचं रूप. रंग, चित्र, अक्षरांची ठेवण एवढंच बदललं असेल, तर क्रमांक तोच राहतो. मात्र पाकिटाची लांबी, रुंदी, उंची किंवा एकूण वजन २० टक्क्यांहून जास्त बदललं, तर पुन्हा नवा क्रमांक लागतो. हा नियम मुख्यतः गोदाम आणि वाहतुकीसाठी आहे, कारण शेल्फ आणि खोकी त्या मापाने लावलेली असतात.

एकदा एका वस्तूला दिलेला क्रमांक पुढे दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, हा नियम २०१९ पासून लागू आहे. आधी काही वर्षांनी जुने क्रमांक पुन्हा वापरले जायचे. पण ऑनलाइन पानं पुसली जात नाहीत. बंद झालेल्या वस्तूचं पान दहा वर्षांनीही सर्चमध्ये सापडतं.

विक्रेत्याला हे नियम तोंडपाठ असायची गरज नाही. एक प्रश्न विचारला तरी पुरतं: जुनं आणि नवं पाकीट शेजारी ठेवलं आणि किंमत सारखीच असेल, तर ग्राहकाला दोघांपैकी कोणतंही चालेल का? चालणार असेल तर जुनं पान एडिट करा. 'थांबा, मला ते जुनंच हवंय' असं तो म्हणणार असेल, तर नवं पान करा.

उदाहरण: कांदा-लसूण मसाला

समजा, नाशिकची एक विक्रेती एका छोट्या कंपनीचा कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकते. तीन ठिकाणी विक्री चालते: एक मोठं ई-कॉमर्स ॲप, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम. ५०० ग्रॅमचं पाकीट ३०० रुपयांना. दिवसाला सरासरी आठ पाकिटं जातात. त्यातली बरीचशी त्याच त्या घरांमध्ये दर महिन्याला जातात.

कंपनीचा निरोप येतो की पुढच्या मालापासून पाकीट ४५० ग्रॅमचं असेल, किंमत तीच. शिवाय पाकिटाचा रंग लालऐवजी मरून.

आधी ग्राहकाच्या बाजूने हिशेब करू. ५०० ग्रॅमला ३०० रुपये म्हणजे ग्रॅमला ६० पैसे. ४५० ग्रॅमला ३०० रुपये म्हणजे ग्रॅमला साधारण ६७ पैसे. किंमत न बदलता मसाला ११ टक्के महाग झाला. ज्या घरात महिन्याला बरोबर एक पाकीट लागायचं, तिथे नवं पाकीट २७ दिवसांत संपेल. तेवढाच मसाला वापरायचा तर वर्षाला ३,६०० ऐवजी ४,००० रुपये लागतील.

चारशे रुपये फार मोठी रक्कम नाही. पण हे न सांगता झालं तर ग्राहकाच्या लक्षात राहतं. महिना संपायच्या तीन दिवस आधी डबा रिकामा होतो, तेव्हा तो पाकीट उलटं करून वजन वाचतो.

पायरी १: नवं पाकीट हातात घेऊन जुन्याशी ताडून बघा

कंपनीच्या मेसेजवर विसंबून पान बदलू नका. नव्या मालाचं एक पाकीट मागवा आणि जुन्याशेजारी ठेवा. मग ओळीने तपासा: निव्वळ वजन, एमआरपी, घटकांची यादी, ॲलर्जीची सूचना, किती महिने टिकतं, एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि बारकोड.

घटकांची यादी सगळ्यात सावकाश वाचा. समजा कंपनीने या खेपेपासून मसाल्यात हिंग घातला. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. ज्याला ग्लुटेन चालत नाही आणि जो वर्षभर बिनघोर हा मसाला खातोय, त्याच्यासाठी ही वस्तू आता वेगळी आहे. वजन बदललं नसतं, तरी एवढ्या एका कारणासाठी नवं पान लागलं असतं.

परवाना क्रमांक किंवा पत्ता बदलला असेल, तर माल दुसऱ्या कारखान्यातून येतोय. त्यासाठी नवं पान लागेलच असं नाही, पण लिस्टिंगमधला पत्ता दुरुस्त करावा लागतो.

आपल्या उदाहरणात घटक तेच आहेत. वजन, रंग आणि बारकोड एवढंच बदललंय असं धरू.

पायरी २: जुना माल मोजा आणि नव्यात मिसळू देऊ नका

विक्रेतीकडे घरी २४ पाकिटं आहेत आणि ॲपच्या गोदामात ४०. एकूण ६४, म्हणजे आठ दिवसांचा माल. हे आठ दिवस सगळ्यात जास्त गोंधळाचे असतात. आजच पान ४५० केलं, तर पुढचा आठवडाभर लोकांना ५०० ग्रॅमचं पाकीट मिळेल. ते तक्रार करणार नाहीत, पण त्यांचा समज असा होईल की इथे लिहिलेल्यापेक्षा जास्त येतं. मग नवव्या दिवशी ४५० आलं की तेच लोक विचारतील, 'मागच्या वेळी जास्त होतं, यावेळी कमी का?' आणि पान आधीच बदलायचं सोडून नवा माल जुन्या पानाखाली गोदामात पाठवला, तर थेट ५०० सांगून ४५० दिल्यासारखं होतं.

म्हणून क्रम असा: जुन्या पानाखाली नवा माल पाठवणं पूर्ण थांबवायचं. ६४ पाकिटं जुन्याच पानावर, जुन्याच वजनाने आणि त्यांच्यावर छापलेल्या एमआरपीच्या आत विकायची. नवा माल नव्या एसकेयूखाली वेगळा ठेवायचा. जुना एसकेयू नव्या पाकिटाला लावायचा मोह टाळायचा, नाहीतर सहा महिन्यांनी परत आलेलं पाकीट जुन्या मालातलं की नव्या, हे स्वतःलाच कळत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. छोट्या कंपन्या अनेकदा वजन बदलतात, पण बारकोड तोच ठेवतात. नवा क्रमांक घेऊन पाकिटाची प्लेट बदलायची कटकट त्यांना नको असते. गोदामात मात्र माल बारकोडवरून ओळखला जातो. स्कॅनर ५०० आणि ४५० मध्ये फरक करत नाही. दोन्ही पाकिटं एकाच कप्प्यात जातात आणि कुणाला काय मिळेल ते नशिबावर राहतं.

हे ओळखायला मशीन लागत नाही. दोन्ही पाकिटांच्या बारकोडखालचे आकडे शेजारी ठेवून वाचायचे. सारखे असतील तर आधी कंपनीकडे नवा बारकोड मागायचा. कंपनीने नकार दिला, तर कंपनीच्या बारकोडवर ॲपचं स्वतःचं लेबल लावून माल पाठवता येतो का ते बघायचं. ॲमेझॉनच्या गोदामासाठी अशी विक्रेत्यानुसार वेगळी लेबलं असतात.

तेही जमलं नाही आणि ॲप त्याच बारकोडवर नवं पान करू देत नसेल, तर एकच सरळ रस्ता उरतो. जुना माल पूर्ण संपवायचा किंवा परत मागवायचा, पानावरचा साठा शून्य करायचा, मगच वजन आणि फोटो बदलायचे आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत बदलाचा महिना लिहायचा. रिव्ह्यूंची सरमिसळ याने थांबत नाही, पण निदान कुणाला चुकीचं पाकीट तरी जात नाही.

पायरी ३: नवं पान बनवा, जुन्याशी जोडा

नव्या पानाचं नाव साधं ठेवा: 'कांदा-लसूण मसाला, ४५० ग्रॅम'. 'नवीन आकर्षक पॅक' असलं काही नावात नको. वजन नावात हवं आणि पहिल्या फोटोतही वाचता यायला हवं, कारण मोबाईलवर बहुतेक जण तेवढंच बघतात.

बहुतेक मोठ्या ॲप्सवर एकाच वस्तूची वेगवेगळी मापं एका कुटुंबासारखी जोडता येतात. पान एकच दिसतं आणि त्यावर '५०० ग्रॅम' आणि '४५० ग्रॅम' अशी दोन बटणं असतात. मसाला तोच आणि फरक फक्त वजनाचा असल्याने इथे ही जोडणी योग्य आहे. जुन्या लिंकवरून आलेल्याला दोन्ही दिसतात आणि रिव्ह्यूही त्याच मसाल्याबद्दलचे असतात.

पण यात एक खाच आहे. ५०० चा साठा संपला की काही ॲप्स ग्राहकाला आपोआप ४५० च्या बटणावर नेतात. फोटो जवळपास सारखा, किंमत सारखी, लोक न बघता पैसे भरतात. म्हणून वर्णनाच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवायचं:

'कंपनीने ५०० ग्रॅमचं लाल पाकीट बंद केलं आहे. आता हाच मसाला ४५० ग्रॅमच्या मरून पाकिटात येतो. किंमत ३०० रुपये, पूर्वीइतकीच. घटकांमध्ये बदल नाही.'

या चार वाक्यांत कोणी बदललं, काय बदललं, काय बदललं नाही आणि पैशांचं काय, हे सगळं आलं. 'घटकांमध्ये बदल नाही' हे वाक्य मात्र पहिली पायरी खरंच केली असेल तरच लिहायचं.

एका फोटोत दोन्ही पाकिटं शेजारी दाखवा आणि प्रत्येकाखाली वजन लिहा. वर्णन न वाचणाऱ्यालाही त्या फोटोवरून कळतं.

पायरी ४: जुनं पान डिलीट करू नका

माल संपला की बरेच जण जुनी लिस्टिंग डिलीट करतात. त्यामुळे जुन्या ऑर्डरमधून येणाऱ्या ग्राहकाला काहीच सापडत नाही. वस्तू बंद झाली की दुकान बंद झालं, हेही त्याला कळत नाही. तो दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो.

त्याऐवजी साठा शून्य करून पान तसंच ठेवायचं. 'सध्या उपलब्ध नाही' असं दिसेल आणि शेजारी नवं माप दिसेल. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी जुन्या मॉडेलच्या पानावर 'या वस्तूची नवी आवृत्ती आली आहे' अशी पट्टी लावून घेण्याची सोय असते. मसाल्यापेक्षा ती यंत्रं आणि गॅजेट्ससाठी जास्त उपयोगी पडते.

पायरी ५: नेहमीच्या ग्राहकांना आधी सांगा

मोठ्या ॲपवर विक्रेत्याला ग्राहकाशी मोकळेपणाने बोलता येत नाही. ऑर्डरशी संबंधित मेसेज चालतात, जाहिरातीचे चालत नाहीत. त्यामुळे तिथे पान हेच निरोप देण्याचं साधन. दर महिन्याच्या ठरलेल्या डिलिव्हरी जुन्या पानाला जोडलेल्या असतात. जुनं पान शून्यावर गेलं की त्या थांबतात. काही ग्राहक तुटतील, पण न विचारता त्यांच्या गळ्यात लहान पाकीट पडणार नाही. ज्याला हवं तो नव्या मापाची नोंदणी स्वतःहून करेल.

व्हॉट्सॲपवर उलट आहे. तिथे सांगणं सोपं, म्हणून न सांगणं जास्त खटकतं. पुढची ऑर्डर यायच्या आधी एक मेसेज पुरेसा असतो: 'ताई, नेहमीचा मसाला आता ४५० ग्रॅममध्ये येतोय, किंमत तीच. जुनी ५०० ची थोडी पाकिटं शिल्लक आहेत. कोणतं पाठवू?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तेव्हा निवड ग्राहकाकडे असते.

कॅटलॉगमध्येही जुन्या वस्तूवर नवं वजन चढवू नका. कॅटलॉगमधली लिंक कुटुंबाच्या ग्रुपमध्ये फिरलेली असते. ती उघडली की आजची माहिती दिसते, पाठवणाऱ्याच्या वेळची नाही. नवी वस्तू वेगळी टाका आणि माल संपल्यावर जुनी लपवा.

इन्स्टाग्रामवरची अडचण आणखी वेगळी. जुन्या रीलमध्ये लाल पाकीट दिसतं आणि आवाजात 'अर्धा किलो फक्त तीनशे' असं ऐकू येतं. पोस्ट झालेला व्हिडिओ बदलता येत नाही, पण कॅप्शन बदलता येतं आणि कमेंट पिन करता येते. ज्या तीन-चार रीलमधून अजूनही ऑर्डर्स येतात, तेवढ्यांवर पिन केलेली कमेंट टाकली तरी बहुतेक गोंधळ टळतो.

फक्त पाकिटाचं रूप बदललं तर?

इथे उलटी भीती असते. माल तोच असतो, पण ग्राहकाला तो नकली वाटतो. वर्षानुवर्षं लाल पाकीट घेणाऱ्याच्या हातात मरून पाकीट आलं की तो आधी डुप्लिकेट आहे का ते बघतो.

अशा वेळी पान जुनंच ठेवायचं, फोटो बदलायचा आणि एका फोटोत जुनं-नवं शेजारी दाखवायचं. 'साठ्यानुसार दोन्हींपैकी कोणतंही पाकीट येऊ शकतं' ही ओळ जुना माल संपेपर्यंत ठेवायची आणि संपला की काढायची. ही ओळ फक्त रूप बदललं असेल तेव्हाच चालते. वजन किंवा घटक बदलले असताना 'कोणतंही येऊ शकतं' लिहिणं म्हणजे ग्राहकाला लॉटरीचं तिकीट विकणं.

मॉडेल बदललं तर?

मसाल्यात चूक झाली तर ५० ग्रॅमचा प्रश्न. यंत्राच्या सुट्या भागात चूक झाली तर वस्तू वापरताच येत नाही. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस, प्रिंटरची शाई, मिक्सरचं भांडं, ट्रिमरचं पातं या वस्तू लोक परत परत घेतात, त्या घरातल्या यंत्रावर बसतात म्हणून.

कंपनीने काडतुसाचं नवं मॉडेल आणलं तर ते जुन्या यंत्रात बसतं का, हे पाहिल्याशिवाय पानाला हात लावू नये. बसत असलं तरी पान नवंच हवं. त्यावर 'कोणत्या यंत्रांना चालतं' आणि 'कोणत्या यंत्रांना चालत नाही' अशा दोन्ही याद्या हव्यात. बहुतेक पानांवर पहिलीच असते. पण जुन्या ग्राहकाच्या कामाची दुसरी यादी असते, कारण त्याला आपलं मॉडेल तिच्यात शोधायचं असतं.

रिव्ह्यू नेण्याची हद्द कुठे संपते?

माप बदललं तर रिव्ह्यू एकत्र दिसणं बऱ्याच ॲप्सना मान्य आहे. वस्तूच वेगळी असेल तर नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर कारवाई झाली आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीने ॲमेझॉनवर नवी उत्पादनं आधीच लोकप्रिय असलेल्या वेगळ्या उत्पादनांशी 'प्रकार' म्हणून जोडली, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. जोडणीमुळे जुन्या उत्पादनांचे रिव्ह्यू आणि स्टार नव्यांखाली दिसू लागले. २०२३ मध्ये हे प्रकरण ६ लाख डॉलर भरून मिटलं. दुसऱ्या वस्तूचे रिव्ह्यू पळवण्याबद्दल कमिशनने केलेली ती पहिली कारवाई होती.

मसाल्याची दोन वजनं जोडणं आणि कांदा-लसूण मसाल्याखाली गोडा मसाला जोडणं यात हाच फरक आहे.

भारतातला कायदा काय म्हणतो?

दोन नियम इथे थेट लागू होतात. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता अशी माहिती पाकिटावर हवी. २०१८ पासून यातली बहुतेक माहिती ऑनलाइन पानावरही दाखवणं बंधनकारक आहे. बनवल्याचा महिना-वर्ष याला अपवाद आहे, कारण प्रत्येक खेपेचा तो वेगळा असतो. पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात हेही छापावं लागतं. वजन घटल्याचं त्या एका ओळीतून लगेच कळतं.

दुसरा, २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियम. पानावर सांगितलेली वैशिष्ट्यं आणि हातात आलेली वस्तू जुळली नाही, तर विक्रेत्याला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे पानावर ५०० आणि पाकिटावर ४५० असेल, तर 'कंपनीने बदललं, आमचा काय दोष' हे उत्तर चालत नाही.

बदल नीट जमला की नाही, हे कसं कळणार?

पुढचे साधारण सहा आठवडे तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं, कारण महिन्याला एकदा घेणारा प्रत्येक ग्राहक तेवढ्या काळात एकदा तरी परत येतो.

पहिली, परत येणाऱ्या मालाचं कारण. 'वर्णनाशी जुळत नाही' हे कारण अचानक वाढलं, तर पानावर किंवा गोदामात कुठेतरी जुनं-नवं मिसळलंय. दुसरी, ग्राहकांचे प्रश्न. 'हे तेच आहे का?' असं दोन-तीन जणांनी विचारलं तर पहिली ओळ कुणाला दिसत नाहीये, ती फोटोत घ्यायला हवी. तिसरी, नव्या रिव्ह्यूंमधले शब्द. 'कमी', 'लहान', 'पूर्वीसारखं नाही' हे शब्द स्टारांची सरासरी घसरायच्या बरेच आधी दिसतात.

'किंमत तीच ठेवून वजन कमी केलं' अशी तक्रार तरीही येईलच. ती कंपनीच्या निर्णयावरची नाराजी आहे, लिस्टिंग नीट करून ती मिटत नाही. ग्राहक 'महाग झालं' म्हणतोय की 'सांगितलं नाही' म्हणतोय, हे वेगळं करून वाचायचं. विक्रेत्याच्या हातात दुसरी तक्रार असते.

आणि तुम्ही ग्राहक असाल तर?

'पुन्हा खरेदी करा' दाबण्याआधी नावातलं वजन आणि ग्रॅममागची किंमत एकदा बघा. घरातलं जुनं पाकीट फेकण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, त्यात वजन, घटक आणि बारकोड तिन्ही येतात. रिव्ह्यू वाचताना ते नवे आधी लावून वाचा. पाकीट पानावरच्या वजनाशी जुळत नसेल, तर फोडण्याआधी दोन्हींचे फोटो काढा आणि परत करताना 'वर्णनाशी जुळत नाही' हेच कारण निवडा. 'आता नको आहे' हे कारण निवडलं, तर विक्रेत्याला चूक कळत नाही आणि परतीचा खर्चही काही ठिकाणी तुमच्यावर येऊ शकतो.